उत्तर आलं, ‘निविदेतील तरतुदीनुसार’: ठेकेदाराची शंका नेमक्या प्रश्नात कशी बदलायची

ठेकेदाराला निविदा वाचताना शंका येतात त्या फोनवर किंवा व्हॉइस नोटमध्ये. खरेदी कार्यालयाला मात्र त्या पत्रातून, क्रमांकासह आणि ठरलेल्या तारखेच्या आत लागतात. या दोन टोकांमधला माणूस मी बरीच वर्षं आहे. साइटवरून आलेली बडबड ऐकायची आणि तिचं पत्र करायचं, एवढंच माझं काम. यात एकच बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे: प्रश्न जातो, उत्तरही येतं, पण त्यातून काहीच कळत नाही.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे ‘निविदेतील तरतुदीनुसार’ हे उत्तर. तुमच्या सात प्रश्नांपैकी पाचांना हेच उत्तर आलं असेल, तर दोष बहुतेक वेळा प्रश्नांतच असतो. कार्यालयाने टाळाटाळ केली असं वाटतं, पण प्रश्न ढोबळ असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला यापेक्षा सुरक्षित वाक्य सुचत नाही.

दुसरं लक्षण, तीन गोष्टी विचारल्या आणि उत्तर एकाच गोष्टीचं आलं, तेही सगळ्यात बिनमहत्त्वाच्या. तिसरं, उत्तर ‘होय’ एवढंच आलं, आणि कशाला होय हे कोणालाच सांगता येत नाही. चौथं लक्षण महागात पडतं. प्रश्न विचारण्याआधी जी अट सैल होती, ती उत्तरात घट्ट होऊन येते, आणि ती सगळ्याच निविदाकारांना लागू होते.

यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी पुढची तपासणी क्रमाने करा. सुरुवातीच्या पायऱ्यांना फक्त वेळ लागतो, शेवटच्यांना डोकं आणि कधी कधी पैसेही.

उदाहरण म्हणून पाइपलाइनच्या कामाची एक व्हॉइस नोट घेतो, जशी येते तशीच. तिच्यातलं बीओक्यू म्हणजे कामाच्या बाबी, त्यांची परिमाणं आणि दर यांचा तक्ता:

«अहो, हे खोदाईचं काहीच जुळत नाहीये. बीओक्यूत दीड मीटरपर्यंतच आयटम आहे. खाली गेलो तर पैसे मिळणार का? आणि पाणी लागलं तर पंप कोणाचे? रस्ता कोण करून देणार, आम्हीच? जरा विचारा ना त्यांना, सविस्तर.»

‘सविस्तर’ हा शब्द लक्षात ठेवा. बिघाडाची सुरुवात तिथूनच होते.

पहिली तपासणी: तारीख, वेळ आणि वाट

हिला काहीच खर्च नाही, तरी ती सगळ्यात जास्त वेळा चुकते. निविदापत्रात खुलासा मागण्याची शेवटची तारीख असते आणि बहुधा वेळही. ती निविदा भरण्याच्या शेवटच्या तारखेपेक्षा वेगळी आणि बरीच आधीची असते. शंका ईमेलने द्यायच्या, पोर्टलवर चढवायच्या, की प्री-बिड बैठकीत लेखी द्यायच्या, हेही तिथेच लिहिलेलं असतं. पोर्टल सांगितलं असेल तर ईमेलने पाठवलेला उत्तम प्रश्नही आला नाही असंच धरलं जातं.

मुदतीमागे कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०११ मध्ये सार्वजनिक खरेदीसाठी जो आदर्श कायदा केला, त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे कार्यालयाने खुलाशाच्या मागणीला वेळेत उत्तर द्यायचं असतं आणि ते सगळ्या निविदाकारांना कळवायचं असतं, कोणी विचारलं ते न सांगता. अनेक ठिकाणचे नियम याच वळणाचे आहेत. म्हणजे कार्यालयाला उत्तर तयार करायला, ते सर्वांना पाठवायला आणि लोकांना ते वाचून दर बदलायला वेळ द्यावा लागतो. शेवटच्या दिवशी आलेल्या गोंधळलेल्या प्रश्नाला ‘तरतुदीनुसार’ हे उत्तर मिळतं त्याचं अर्धं कारण हे आहे.

याच तपासणीत नमुना पाहा. काही निविदांत शंकांसाठी तक्ताच दिलेला असतो: क्रमांक, खंड, कलम, पान, मूळ मजकूर, शंका. तो असेल तर तुमचं सुंदर पत्र बाजूला ठेवा आणि तक्ता भरा.

दुसरी तपासणी: उत्तर आधीच लिहिलेलं आहे का

ठेकेदार बीओक्यू आधी उघडतो, कारण दर तिथे भरायचा असतो. पण दर कशाकशाचा हे बीओक्यूच्या प्रस्तावनेत, तांत्रिक तपशिलात आणि मोजमापाच्या कलमात सापडतं. म्हणून शंकेतला मुख्य शब्द घेऊन सगळ्या फाइलींत शोधा. पाण्याच्या शंकेसाठी फक्त ‘पंप’ नव्हे, ‘उपसा’, ‘कोरडी’, ‘भूजल’ हेही. शुद्धिपत्रकं निघाली असतील तर तीही. स्कॅन केलेल्या पानांत शोध चालत नाही, ती डोळ्यांनीच वाचावी लागतात.

आपल्या उदाहरणात पंपाची शंका इथेच संपते. तांत्रिक तपशिलाच्या कलम ३.७ मध्ये खोदाई कोरडी ठेवण्याची जबाबदारी ठेकेदाराची आहे असं लिहिलं आहे, आणि प्रस्तावना म्हणते की दरांत सर्व आनुषंगिक कामं धरलेली आहेत. दोन्ही एकत्र वाचलं की पंपाचे वेगळे पैसे नाहीत हे स्पष्ट होतं. हे विचारलं तर ‘तरतुदीनुसार’ हे उत्तर येईल आणि या वेळी ते बरोबर असेल.

पण शंकेमागे एक खरी अडचण शिल्लक राहते: पाणी किती लागेल हे माहीत नसताना ते दरात धरायचं कसं? ही अडचण विचारण्यासारखी आहे. ‘पंपाचे पैसे कोण देणार’ याऐवजी ‘या मार्गावरच्या बोअरच्या नोंदी आणि त्यांतली भूजल पातळी उपलब्ध असल्यास द्यावी’ अशी मागणी करा. पहिल्यात तुम्ही कार्यालयाशी भांडता, दुसऱ्यात कागद मागता. कागद देणं त्यांनाही सोपं असतं.

तिसरी तपासणी: एका क्रमांकात एकच प्रश्न

व्हॉइस नोटमध्ये तीन प्रश्न होते. पाण्याचा प्रश्न मागणीत बदलला. उरले खोलीचा आणि रस्त्याचा. हे दोन वेगळ्या क्रमांकांवर हवेत. एकाच परिच्छेदात दिले तर उत्तर देणारा सोप्याला उत्तर देऊन पुढे जातो, आणि कागदावर तुमचा क्रमांक ‘निकाली’ दिसतो.

माझी एक साधी कसोटी आहे. प्रश्नात ‘तसेच’ किंवा ‘त्याचप्रमाणे’ आलं की तिथे कात्री लावून बघायची. बहुधा तिथून नवा क्रमांक सुरू होतो. ‘व’ मात्र नेहमी कापायचा नसतो. ‘नकाशा व बीओक्यू’ हा एकच विषय आहे.

क्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही. दुसऱ्या फेरीत आणखी पाच प्रश्न गेले तर ते आधीच्या शेवटच्या क्रमांकाच्या पुढे चालू ठेवा. पुन्हा एकपासून सुरुवात केली की ‘प्रश्न ३’ नावाचे दोन प्रश्न तयार होतात, आणि सहा महिन्यांनी वाद झाला तर कोणता उत्तरलेला होता हे शोधत बसावं लागतं. प्रश्न मागे घेतला तरी क्रमांक रिकामा ठेवून ‘मागे घेतला’ लिहावं.

चौथी तपासणी: बोट नेमकं कुठे ठेवलं आहे

खंड, कलम, पान, बीओक्यूचा बाब क्रमांक, नकाशाचा क्रमांक आणि त्याची आवृत्ती, हे सगळं प्रत्येक प्रश्नात हवं. नकाशाची आवृत्ती लोक सोडतात. मग कार्यालय नव्या आवृत्तीवरून उत्तर देतं, तुमच्या हातात जुनी असते आणि दोघेही आपापल्या जागी खरे ठरतात.

मूळ मजकूर जसाच्या तसा, अवतरणात द्या. आपल्या शब्दांत सांगायला गेलं की अर्थ आपल्या बाजूला झुकतो. तो झुकलेला अर्थ वाचून अधिकारी सावध होतो. शिवाय मजकूर उतरवून घेताना तो आपण नीट वाचतो, हा खरा फायदा. मी उतरवायला घेतलेल्या शंकांपैकी बऱ्याच तिथेच मिटल्या आहेत, कारण ठेकेदाराने ‘वगळून’ हा शब्द ‘धरून’ असा वाचला होता.

पाचवी तपासणी: शंका खरी कशाबद्दल आहे

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण ‘जुळत नाही’ हे ठेकेदाराला दिसतं, पण काय जुळत नाही हे तो आकड्यांत मांडत नाही. आपण मांडायचं.

नकाशात लिहिलं आहे: पाइपच्या माथ्यावर किमान १.२ मीटर माती, पाइपखाली १५० मिमी बेडिंग. पाइप ३०० मिमी व्यासाचा डीआय, त्याचा बाहेरचा व्यास ३२६ मिमी. बेरीज करू: १.२ अधिक ०.३२६ अधिक ०.१५, म्हणजे १.६७६ मीटर. चराची किमान खोली ही. बीओक्यूच्या बाब ४.२ मध्ये मात्र ‘० ते १.५ मीटर खोलीपर्यंत खोदाई’ एवढंच आहे, परिमाण ३,६०० घनमीटर. लांबी ३,००० मीटर, चराची रुंदी ०.८ मीटर, खोली १.५ मीटर हा गुणाकार बरोबर ३,६०० येतो. परिमाण काढणाऱ्याने खोली १.५ वरच थांबवली, हे इथे उघड होतं. खालची ०.१७६ मीटर खोली कोणत्याच बाबीत नाही. तिचं परिमाण ४२२.४ घनमीटर, तेही किमान.

‘खाली गेलो तर’ असं ठेकेदार म्हणाला होता. ‘तर’ नाहीच, खाली जावंच लागणार. कागदपत्रांत विसंगती असेल तर कोणता कागद वरचढ, याचं कलम शोधा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यात, तो क्रम कलम १.५ मध्ये आहे. तिथे तांत्रिक तपशील आणि नकाशे हे परिशिष्टांच्या वर येतात, आणि बीओक्यू परिशिष्टांत मोडतं. अनेक ठेकेदार बीओक्यूलाच सर्वांत वरचं मानतात, म्हणून ही जागा आधी तपासा. प्रत्येक निविदेत क्रम वेगळा असू शकतो, पण आपल्या उदाहरणात तो याच वळणाचा आहे. म्हणजे खणायचं १.६७६ मीटरच. प्रश्न खोलीचा उरत नाही, मोजमापाचा उरतो. हा फरक पकडला नाही तर तुम्ही विचाराल ‘खोदाई किती खोल करायची?’ आणि उत्तर येईल ‘नकाशानुसार’. पैशांचा मुद्दा तसाच राहील.

सहावी तपासणी: प्रश्नाला उत्तराचा साचा आहे का

‘याबाबत सविस्तर खुलासा व्हावा’ या वाक्याने संपणारा प्रश्न मी पाठवत नाही. त्याला ‘तरतुदीनुसार’ हे अगदी चपखल उत्तर आहे. प्रश्न असा हवा की उत्तर देणाऱ्याला ‘अ’ किंवा ‘ब’ लिहून मोकळं होता यावं. त्याच्याही वरचे अधिकारी ते उत्तर तपासतात. पर्याय समोर असले की निर्णय लवकर होतो.

खोलीचा प्रश्न पहिल्यांदा असा लिहिला गेला होता:

«खोदाईच्या खोलीबाबत नकाशा व बीओक्यू यांत तफावत दिसते. तसेच रस्ता पूर्ववत करण्याबाबतही स्पष्टता नाही. तरी कृपया सविस्तर खुलासा व्हावा ही विनंती.»

तोच, दुरुस्त केल्यावर:

«खुलासा क्र. ४. संदर्भ: खंड ३, बीओक्यू, बाब ४.२, पान १८, नकाशा क्र. ०५, आवृत्ती १, चराचा उभा छेद.

बाब ४.२ चे वर्णन “० ते १.५ मीटर खोलीपर्यंत खोदाई” असे आहे. नकाशा क्र. ०५ नुसार माथ्यावर किमान १.२ मीटर माती, ३२६ मिमी बाह्य व्यासाचा पाइप व १५० मिमी बेडिंग धरता चराची किमान खोली १.६७६ मीटर येते. १.५ मीटरखालील खोदाईसाठी बीओक्यूत बाब नाही.

१.५ मीटरखालील खोदाईचे मोजमाप व देयक (अ) बाब ४.२ च्याच दराने होईल, की (ब) त्यासाठी स्वतंत्र बाब समाविष्ट करण्यात येईल, हे कृपया कळवावे. (ब) असल्यास सुधारित बीओक्यू शुद्धिपत्रकाद्वारे प्रसिद्ध करावे, ही विनंती.»

यात ‘तफावत’ हा शब्द नाही, तक्रार नाही, ठेकेदाराचा दर किंवा खोदण्याची पद्धत नाही. उत्तर सगळ्यांना जातं, म्हणून आपला हिशेब त्यात दिसू द्यायचा नाही. ‘आमच्याकडे लहान यंत्र असल्याने’ असं एक वाक्य मी एकदा मसुद्यातून शेवटच्या क्षणी काढलं. ते गेलं असतं तर स्पर्धकांना फुकट माहिती मिळाली असती.

पर्याय देताना ‘क: देयक मिळणार नाही’ असा तिसरा पर्याय स्वतःहून लिहू नका. मी सुरुवातीला प्रामाणिकपणाने तो लिहायचो, आणि एका कामात तोच निवडला गेला.

‘आम्ही असे समजतो की… तरी खात्री करावी’ ही पद्धतही चालते, पण ‘नाही’ हे उत्तर आलं तरी तुम्ही दर भरू शकाल तेव्हाच वापरा.

रस्त्याचा प्रश्न क्र. ५ झाला. कामाच्या व्याप्तीत ‘रस्ता पूर्वस्थितीत आणणे’ असं होतं, बीओक्यूत फक्त मुरमाची भराई होती, डांबराची बाब नव्हती. इथे तरतुदी दोन दिशांना ओढतात, म्हणून हा खरा खुलासा. पर्याय: डांबरी थर दुसऱ्या यंत्रणेकडे, की या कामात स्वतंत्र बाबीने.

सातवी तपासणी: हे विचारायचं का

ही सगळ्यात अवघड. काही शंका खुलाशाच्या नसतात, बदलाच्या असतात. ‘मुदत फार कमी आहे’, ‘बँक हमीची रक्कम जास्त आहे’ यांत अस्पष्ट काहीच नाही, आवडलं नाही एवढंच. बदलाची विनंती करायला हरकत नाही, पण वेगळ्या शीर्षकाखाली, कारणासह. खुलाशांच्या यादीत मिसळली की बाकीचे प्रश्नही कुरकुर वाटू लागतात.

उरलेला कठीण भाग असा. अट सैल आहे, सैल राहिली तर तुमच्या फायद्याची आहे. विचारलं तर ती घट्ट होईल. मग गप्प बसावं का? माझा अनुभव सांगतो: उघड दिसणारी विसंगती असेल तर विचारा. ती तुम्हाला दिसली होती आणि तुम्ही विचारलं नाही, हे नंतर तुमच्याच दाव्याविरुद्ध वापरलं जातं. पण अट जशी आहे तशी वाचून दर निश्चित काढता येत असेल, तर केवळ धीर यावा म्हणून प्रश्न पाठवू नका. हा निर्णय ठेकेदाराने घ्यायचा असतो, पत्र लिहिणाऱ्याने नाही. मी पत्र पाठवण्याआधी त्याला प्रत्येक क्रमांकासमोर विचारतो: «वाईट उत्तर आलं तर काय कराल?» उत्तर नसेल तर तो क्रमांक थांबवतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढच्या गोष्टी मी स्वतः लिहीत नाही. नुकसानभरपाई, दंड, हमी, विवाद निवारण यांच्या कलमांवरचे प्रश्न करार जाणणाऱ्या वकिलाने लिहावेत. तिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जबाबदारी सरकते. पात्रतेच्या अटीवरचा प्रश्नही तसाच. उत्तर ‘पात्र नाही’ असं आलं तर तुम्ही स्वतःच लेखी पुरावा तयार केलेला असतो. जमिनीचा अहवाल, भूजल, खडकाचं वर्गीकरण यांत आकड्यांचा अर्थ लावायचा असेल तर भू-तंत्र अभियंता हवा, ठेकेदाराचा अंदाज पुरत नाही. आणि उत्तरच मूळ कलमाच्या विरुद्ध आलं, तर दुसरं पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

एक गोष्ट कोणीही करू नये: उत्तर समाधानकारक आलं नाही म्हणून निविदेसोबत आपली अट जोडणं. ‘१.५ मीटरखाली जादा दर’ असं एक वाक्य आवरणपत्रात टाकलं आणि सगळ्यात कमी दर असूनही निविदा बाद झाली, हे मी पाहिलं आहे. उत्तर नसेल तर जोखीम दरात धरा किंवा निविदा सोडा.

उत्तर आल्यानंतर

उत्तर आलं की ते कोणत्या कागदात आलं हे पाहा. खुलाशांची यादी आणि शुद्धिपत्रक हे दोन वेगळे कागद असू शकतात, आणि करारात कोणते कागद धरले आहेत हे निविदेतच लिहिलेलं असतं. यादीतल्या उत्तराने बीओक्यू बदलत असेल पण शुद्धिपत्रक निघालं नसेल, तर तारीख उरली असेपर्यंत क्रमांक देऊन एक ओळ लिहा: «खुलासा क्र. ४ च्या उत्तरानुसार सुधारित बीओक्यू प्रसिद्ध होणार आहे का?»

त्या पाइपलाइनच्या कामात क्र. ४ ला उत्तर ‘ब’ आलं आणि शुद्धिपत्रकात १.५ ते ३.० मीटर खोलीची नवी बाब पडली. क्र. ५ ला ‘व्याप्तीनुसार’ एवढंच आलं. डांबर ठेकेदाराने दरात धरलं. बोअरच्या नोंदी मात्र दोन दिवसांत मिळाल्या, चार बोअर, त्यांतल्या एकात १.४ मीटरवर पाणी. पंपाचा खर्च त्या एकाच टप्प्याला लावला, उरलेल्या लांबीला नाही.